वही देखणी, उजळणी अपुरी

दहावीच्या परीक्षेस एक महिना उरला असता काही कष्टाळू विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत एक विसंगती आढळते. पहिली तीन-चार प्रकरणे मोत्यासारख्या अक्षरांत, रंगीत शीर्षकांसह लिहिलेली असतात. पुढील पाने मात्र कोरी राहतात. एखादी खाडाखोड झाली की पान फाडून ते पुन्हा लिहिले जाते. हा आळस नव्हे, तर परिपूर्णतेचा अट्टाहास होय.

त्याची किंमत साध्या हिशेबाने कळते. मुरूड तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावातील विद्यार्थिनीचे उदाहरण कल्पू या. विज्ञानाच्या एका भागात 10 प्रकरणे आहेत आणि तिच्या हाती 30 संध्याकाळी आहेत. एका प्रकरणाच्या टिपणांस तीन संध्याकाळी दिल्या, तर दहावे प्रकरण संपते त्या दिवशी मुदतही संपते. उजळणीस एकही दिवस उरत नाही. तेच टिपण एका संध्याकाळी आटोपले, तर उजळणीच्या दोन पूर्ण फेऱ्या होतात.

सुबक नक्कल करताना मजकूर डोळ्यांसमोरच असतो. त्यामुळे तो आठवण्याचा सराव घडत नाही. या सरावाचे महत्त्व अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर त्यांना सुमारे 42 टक्के, तर एकदा वाचून नंतर स्मरणाने लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के मजकूर आठवला.

म्हणून ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे लेखनास बसण्यापूर्वीच ठरवावे. एका प्रकरणास एक कागद, दोन्ही बाजू आणि दोन तास, ही मर्यादा सोयीची ठरते. त्यात व्याख्या, सूत्रे व नावे दिलेली आकृती यावी. चूक एका रेघेने खोडावी. पान फाडू नये. नंतर वही मिटून स्वाध्यायातील पाच प्रश्न सोडवावेत. चार बरोबर आले तर पुढील प्रकरणाकडे वळावे व चुकलेल्यावर खूण करून तो पुढील फेरीत पाहावा. चारांहून कमी आल्यास तेवढाच भाग पाठ्यपुस्तकातून पुन्हा वाचावा. टिपण नव्याने लिहू नये.

ही सवलत अचूकतेस लागू नाही. भिंगाच्या 1/v − 1/u = 1/f या सूत्रातील उणे चिन्ह चुकले, तर उत्तरच चुकते. तेथे पडताळा हवाच. शीर्षकाचा रंग मात्र सोडून देता येतो.

शिक्षकांनीही वही तपासताना केवळ सुबकतेस शाबासकी दिल्यास हा अट्टाहास बळावतो. त्याऐवजी वही मिटवून दोन प्रश्न विचारावेत आणि किती प्रकरणांची पहिली फेरी झाली, याची नोंद ठेवावी. मर्यादा घालूनही विद्यार्थी अपूर्ण पानामुळे रात्र-रात्र जागत असेल किंवा वही दाखविण्यास घाबरत असेल, तर प्रश्न अभ्यासपद्धतीपुरता राहत नाही. अशा वेळी पालकांशी बोलून समुपदेशकाचे साहाय्य घेणे इष्ट होय.