चटणीचं भांडं जाम होतं तेव्हा

गणपतीला दहा दिवस गावी जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खोबऱ्याची चटणी वाटायला मिक्सरचं लहान भांडं लावलं आणि बटण फिरवताच नुसता घुंऽऽ असा आवाज आला. पातं जागचं हललं नाही. काही क्षणांत मिक्सर आपोआप बंद पडला आणि तळाचं लाल बटण बाहेर आलं. गावी निघण्याच्या दिवशी याच भांड्यात लसूण, चिंच आणि मीठ घालून चटणी वाटली होती. घाईत ते नुसतं विसळलं आणि तळाशी थोडं पाणी राहिलेलं असतानाच तसंच ओट्यावर ठेवून दिलं होतं.

अशा वेळी लाल बटण आत दाबून पुन्हा चालू करून पाहायचा मोह होतो. तो आवरा. मोटर फिरत नसते तेव्हा ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचते, आणि तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असल्याने तोही थांबलेला असतो. दोन-चार वेळा बटण दाबत राहिलं की आतली वाइंडिंग जळते, आणि भांड्याचा किरकोळ बिघाड मोटरवर जातो. प्लग काढा, भांडं बाहेर घ्या आणि उलटं करून पाहा.

खाली दातेरी चकती दिसते, तिला कपलर म्हणतात. मोटरवरच्या कपलरमध्ये ती बसते. तिच्यातून निघालेला पोलादी दांडा, म्हणजे स्पिंडल, भांड्याच्या तळातून वर जातो आणि त्याच्या टोकाला पाती असतात. दांडा ज्या नळीत फिरतो ती पितळेची किंवा काशाची नळी म्हणजे बुश. काही भांड्यांत तिच्या जागी छोटं बॉल बेअरिंग असतं. आणि वर, पात्याच्या अगदी खाली, दांड्याला चिकटून रबराची एक कडी असते, ती ऑइल सील. वाटणातलं पाणी खाली उतरू द्यायचं नाही आणि बुशातलं तेल वर चटणीत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. पण रिकामा मिक्सर मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेतो, आणि तेवढ्या वेगाने घासणाऱ्या दांड्यावर ही कडी टिकून राहायची असते.

सगळ्या दुखण्याची सुरुवात इथे होते. सील झिजली किंवा कडक झाली की मीठ-चिंचेचं पाणी दांड्याच्या कडेने बुशात उतरतं आणि आधी तेल धुऊन काढतं. मग केसाएवढ्या फटीत ते अडकून राहतं. पातं स्टीलचं आणि उघडं असल्याने चमकत राहतं, पण फटीतल्या दांड्यावर मीठ काम करतं. तिथे गंज धरतो, वाटणाचा कीस आणि पीठ सुकून चिकटतं आणि दांडा बुशाला धरून बसतो. रोज वापरातलं भांडं फिरत राहिल्याने हे लक्षात येत नाही. आठ-दहा दिवस पडून राहिलेलं भांडं मात्र जाम होतं.

आता कपलर हाताने फिरवा. पात्याला हात लावून फिरवू नका, ते अचानक सुटलं तर बोट कापतं. कपलर थोडा जड, पण एकसारखा फिरत असेल तर ठीक. अजिबात फिरत नसेल किंवा करकरत अडखळत असेल तर आत गंज नाहीतर सुकलेलं वाटण आहे. दुसरी तपासणी लोक विसरतात. पातं जाड फडक्यात धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. ते लटलट हलत असेल तर बुश झिजलं आहे, आणि भांडं मोकळं झालं तरी दुखणं संपलेलं नाही.

माझं भांडं घट्ट होतं. पातं बुडेल इतकं गरम पाणी आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड घालून पंधरा मिनिटं ठेवलं, मग कपलर हाताने मागे-पुढे करत राहिलो. आधी जेमतेम हलला, मग अर्धा फेरा, मग पूर्ण. पान्ह्याने जोर लावला नाही, कारण कपलरचे नायलॉनचे दाते लगेच तुटतात. रात्रभर भिजवणंही चुकीचं. तेवढ्या वेळात पाणी आणखी आत जातं आणि उरलेलं तेलही धुतलं जातं.

चटणी वाटली गेली. पण भांडं उचललं तेव्हा मोटरवरच्या कपलरभोवती काळपट ओलं कडं उमटलं होतं. ते काळं म्हणजे जुनं तेल, गंज आणि घासला गेलेला धातू. तेच वरच्या बाजूने वाटणातही येऊ शकतं. चटणीत करडी-काळी रेघ दिसली तर ती टाकून द्यावी. शिवाय गळणारं पाणी खाली मोटरमध्ये उतरतं, तो धोका वेगळा.

पातं हलवून पाहिलं तर ते लटलटत होतं. दुरुस्तीच्या दुकानात कारागिराने पातं धरून कपलर मिक्सर फिरतो त्याच्या उलट दिशेने फिरवला, कारण चालताना तो आवळला जातो. दांडा बाहेर काढून त्याने दाखवला. सील जिथे बसते तिथे तपकिरी पट्टा होता आणि त्यावरून नख फिरवलं तर ते खाचेत अडकलं. मी नुसती सील बदलायला सांगितली होती. त्याने नाही म्हटलं, आणि त्याचं बरोबर होतं. खाच पडलेला दांडा नव्या रबराची कड लगेच कापतो, आणि झिजलेल्या बुशात डुलणारा दांडा सीलला एका बाजूने दाबतो आणि दुसऱ्या बाजूने उघडी करतो. म्हणून दांडा, बुश आणि सील एकत्र बदलावी लागते. दुकानात याला सेट म्हणतात.

तेलाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरोघर खोबरेल नाहीतर गोडेतेल सोडलं जातं. खोबरेल थंडीत गोठतं. गोडेतेल काही महिन्यांत चिकट होऊन डिंकासारखं बसतं, म्हणजे ज्यासाठी घातलं त्याच्या उलटं होतं. शिलाई मशीनचं तेल आणि गंज काढायचे स्प्रे खाण्यासाठी नसतात, ते या जागी नकोत. खाद्ययंत्रांसाठी मिळणारं फूड ग्रेड मिनरल ऑइल आणावं. भांडं कोरडं झाल्यावर उलटं करून कपलर आणि बुशाच्या मधल्या फटीत दोन थेंब सोडावेत, कपलर हाताने फिरवावा, रात्रभर ठेवावं आणि सकाळी एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावं. झिजलेल्या बुशाला मात्र हे तेल वाचवत नाही.

मी आता वाटण झालं की भांड्यात थोडं पाणी आणि लिक्विड घालून दहा सेकंद फिरवतो, विसळतो आणि आडवं ठेवतो, म्हणजे सीलवर पाणी साचत नाही. तुम्ही सेट बदलायला द्याल तेव्हा जुना दांडा परत मागून घ्या आणि त्यावरून नख फिरवून पाहा. खाच लागली तर सेट बदलणं गरजेचंच होतं.