इंग्रजीचा 'टी' आपल्या तोंडी 'ट' का होतो?

'ताट' हा शब्द सावकाश म्हणून पाहा. 'ता'च्या वेळी जिभेचा पुढचा चपटा भाग वरच्या दातांना मागून टेकतो. 'ट'च्या वेळी जीभ मागे सरकते, तिचे टोक वर वळते आणि दातांमागचा हिरडीचा उंचवटा ओलांडून टाळूला लागते. पहिला वर्ण दंत्य, दुसरा मूर्धन्य. मराठीत हे वळण बेताचे असते. तमिळ किंवा तेलुगूत टोक इतके मागे वळते, की जिभेची खालची बाजू टाळूला टेकते.

इंग्रज माणूस 'टेबल' म्हणतो तेव्हा त्याची जीभ या दोन्ही जागी नसते. तिचे टोक त्या मधल्या उंचवट्यावरच टेकते. या उच्चाराला दंतमूलीय म्हणतात. मराठीत 'त' आणि 'ट' यांच्या मध्ये असा तिसरा वर्ण नाही, त्यामुळे ऐकणाऱ्या कानाला दोहोंपैकी एक निवडावा लागतो. 'डी'चेही तसेच. 'त'ची जागा काही फार लांब नसते, तरी कान बहुतेक वेळा 'ट'च निवडतो. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण आवाजातच आहे. 'त' म्हणताना जिभेचा रुंद भाग दातांवर पसरलेला असतो, त्यामुळे कोंडलेली हवा सुटताना होणारा स्फोट मऊ असतो. इंग्रजी 'टी' आणि आपला 'ट' हे दोन्ही जिभेच्या टोकाने अडवलेले वर्ण, म्हणून त्यांचा स्फोट अधिक ठसठशीत. जागा वेगळी असूनही कानाला ते एका जातीचे वाटतात.

दुसरे कारण म्हणजे इंग्रजीचा टी-एच. 'थिंक' किंवा 'दे' (म्हणजे 'ते लोक') म्हणताना इंग्रजाची जीभ दातांपाशी असते आणि फटीतून हवा घासत बाहेर पडते. असा घर्षणाचा वर्ण आपल्याकडे नाही. त्यासाठी आपण जवळचे 'थ' आणि 'द' वापरतो. म्हणजे दातांची जागा आधीच भरली. आता 'डी'साठीही 'द'च वापरला, तर 'दिवस' या अर्थाचा 'डे' आणि 'ते लोक' या अर्थाचा 'दे' अगदी एकसारखे ऐकू येतील. 'डी'ला 'ड' दिला की दोन्ही शब्द वेगळे राहतात. इंग्रजीतला भेद आपण आपल्या वर्णांनी सांभाळतो, फक्त जागा बदलून.

शब्द दंत्य उच्चाराच्या भाषेतून आले की काय होते, हे पोर्तुगीज शब्दांवरून दिसते. पोर्तुगीजांचे 'त' आणि 'द' दातांवरचेच. म्हणून त्यांचे शब्द आपल्याकडे पाद्री, फीत, मेस्त्री असे आले. हिंदीतला 'तौलिया' पोर्तुगीजांकडून आला, तर 'टॉवेल' इंग्रजांकडून. वस्तू एकच, पण एकाची सुरुवात 'त'ने, दुसऱ्याची 'ट'ने. अर्थात हा कल आहे, पक्का नियम नव्हे. 'बटाटा' पोर्तुगीज असून त्यात 'ट' आला, आणि इंग्रजीतून आलेल्या 'तिकीट'मध्ये पहिला वर्ण 'त' झाला.

याची उलटी बाजू आसामात दिसते. असमियाच्या लिपीत 'त' आणि 'ट' ही वेगळी अक्षरे आहेत, पण बोलण्यात दोन्ही वर्ण एकत्र येऊन उंचवट्यावरचा एकच उच्चार उरला आहे. तिथल्या माणसाला निवड करावीच लागत नाही. त्याच्या भाषेतला उच्चार मुळातच इंग्रजी 'टी'च्या जागेवर असतो. जीभ मागे वळवण्याची सवय भारतात सगळीकडे सारखी नाही. ज्या भाषेत 'त' आणि 'ट' यांचा भेद जिवंत आहे, तिच्या बोलणाऱ्याला ती लागते.

परदेशी श्रोत्याचा घोटाळा मात्र अनेकदा जागेमुळे नाही, तर श्वासामुळे होतो. आघात असलेल्या अक्षराच्या आरंभी इंग्रजी 'टी'बरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. आपल्या 'ट'मध्ये तो नसतो, म्हणून आपला 'टेन' इंग्रजाला 'डेन' वाटू शकतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'टाट' म्हणा, ती जेमतेम हलेल. इंग्रज 'टेन' म्हणेल तेव्हा ती फडफडेल. ज्याला इंग्रजांसारखा उच्चार हवा, त्याने जिभेचे टोक उंचवट्यावर टेकवावे आणि हवा झोताने सोडावी. 'स्टेशन' किंवा 'स्टॉप'मध्ये मात्र 'एस'नंतर इंग्रजही हा झोत सोडत नाही. तिथे फक्त जीभ थोडी पुढे आणली की पुरते.