एकाच दिशेने लिहिणारे विकर आणि ओकाझाकींचे तुकडे

डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींना समांतर असतात, पण त्यांच्या दिशा उलट असतात. नवी साखळी बांधणारे डीएनए पॉलिमरेज हे विकर मात्र नवे अक्षर साखळीच्या एकाच टोकाला, ३' टोकालाच, जोडू शकते. मग डीएनए जिथे उलगडतो त्या फाट्यावर दोन्ही साखळ्यांची नक्कल एकाच वेळी पुढे कशी सरकते?

नागोया विद्यापीठातील रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६८मध्ये याचा पुरावा दिला. त्यांनी ई. कोलाय जिवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडीन दिले आणि नुकताच तयार झालेला डीएनए लांबीनुसार वेगळा केला. खूण लागलेला डीएनए हजार-दोन हजार अक्षरांच्या आखूड तुकड्यांत सापडला. थोडा अधिक वेळ दिला, तर तीच खूण लांब साखळीत दिसू लागली. म्हणजे तुकडे आधी बनतात आणि मागाहून जोडले जातात.

या फाट्यावर हेलिकेज दुहेरी साखळी सोडवत पुढे जाते. त्यामुळे पुढच्या भागात पडणारा पीळ गायरेज काढते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक याच गायरेजला अडवते. सुट्या झालेल्या साखळ्या पुन्हा चिकटू नयेत म्हणून एसएसबी प्रथिने त्यांना धरून ठेवतात. लीडिंग साखळीवर पॉलिमरेज-३ फाट्यामागोमाग अखंड धावते. लॅगिंग साखळीची दिशा मात्र फाट्याच्या विरुद्ध असते. त्यामुळे नवा भाग उघडला की पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते.

पण पॉलिमरेजला कोऱ्या जागेवर सुरुवातच करता येत नाही. त्याला आधीचे टोक हवे असते. म्हणून प्रायमेज दहा-बारा अक्षरांचा आरएनए प्रायमर लिहून देते आणि त्याच्या टोकापासून पॉलिमरेज-३ पुढचा तुकडा बांधते. मागच्या तुकड्याचा प्रायमर लागला की ते तिथेच थांबते. हा प्रायमर काढून त्या जागी डीएनए भरण्याचे काम पॉलिमरेज-१ करते. मला हे विकर फार महत्त्वाचे वाटते, कारण काढणे आणि भरणे ही दोन्ही कामे ते एकाच दमात करते. एवढे होऊनही दोन तुकड्यांमध्ये एक बंध राहून गेलेला असतो. तो लिगेज जोडते.

हा बंध जुळला नाही तर काय होते, हे टी-४ विषाणूवर दिसले. त्याचे लिगेज तापमान वाढवल्यावर निकामी होणारे होते. तापमान वाढवताच आखूड तुकडे जुळेनासे झाले आणि त्यांचा ढीग साचला. ई. कोलायचा जीनोम सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा आहे आणि त्याच्या दोन फाट्यांवर मिळून लॅगिंग साखळीही तेवढीच लांब होते. एक तुकडा सरासरी दीड हजार अक्षरांचा धरला, तर एकदा विभागण्यापूर्वी लिगेजला सुमारे तीन हजार जोड द्यावे लागतात.