नव्या सिस्टरचा पहिला आठवडा

रुग्णालयात नवी सिस्टर रुजू होते तेव्हा बऱ्याच ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर तिला सेमिनार हॉलमध्ये बसवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्याख्यानं ऐकवली जातात आणि दुसऱ्या दिवसापासून ती वॉर्डाची झाली असं धरलं जातं. नाहीतर वॉर्डात माणसं कमी असतात म्हणून तासाभरात कागदांवर सह्या घेऊन तिला थेट ड्युटीवर उभं करतात. पहिल्या प्रकारात ऐकलेलं वापरायची वेळ येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. दुसऱ्यात ती जे पाहील ते शिकते, आणि त्यात शेजारच्या सिस्टरच्या चुकाही आल्या.

प्रशिक्षण, अनुभवी माणसासोबत राहून पाहणं आणि कार्यालयीन कामं या तिन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यात हव्यातच. अवघड असतं ते त्यांचा क्रम लावणं. नाशिक किंवा कोल्हापूरसारख्या शहरातलं शंभर खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर आणू. जीएनएम झालेली, एका छोट्या रुग्णालयात दोन वर्षं काम केलेली मुलगी तिथल्या मेडिकल वॉर्डात सोमवारी रुजू होते आहे.

तिचा आठवडा खरं तर आधीच्या आठवड्यातच सुरू व्हायला हवा, कारण कागदपत्रांचा घोळ सोमवारी उघडकीला आला तर तो निस्तरण्यात दिवस जातो. आपल्याकडे हमखास अडतं ते नावापाशी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, आधार लग्नानंतरच्या नावाने आणि पॅनवर वडिलांचं नाव मधे, अशी तीन कागदांवर तीन नावं असणं अगदी नेहमीचं आहे. आधीच्या नोकरीतला पीएफचा यूएएन नंबर असेल तर तोच पुढे चालवायचा असतो. नावं जुळत नाहीत म्हणून कुणी नवा नंबर काढून दिला, तर जुने पैसे काढताना ती मुलगी कित्येक महिने हेलपाटे घालते. एचआरने आठवडाभर आधी फोन करून कागदांचे फोटो मागवले आणि नर्सिंग नोंदणीची मुदत संपलेली नाही ना एवढं पाहिलं, तर सोमवारचं कार्यालयीन काम तासाभरात आटोपतं.

सोमवारी तिने रुग्णाला हात लावायचा नाही. नर्सिंग सुपरिंटेंडंटची भेट आणि कागदपत्रं झाली की लगेच संसर्ग नियंत्रणाचं सत्र ठेवावं. हाच विषय आधी घ्यायचा, कारण वॉर्डात पाऊल ठेवल्यापासून तिला इजा होऊ शकते ती सुईमुळे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणेही रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रशिक्षण देणं, तसंच हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात, रक्त लागलेला कापूस पिवळ्यात, हे पडद्यावर दाखवण्यापेक्षा खऱ्या पिशव्या समोर ठेवून तिच्याच हाताने वर्गवारी करून घ्यावी. सुई टोचली तर जागा साबणाने धुवायची, पिळायची नाही, आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्ही टाळण्यासाठीचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं आणि 72 तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, तो नंबर सोमवारीच तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह झालेला असावा. नवी मुलगी ‘माझीच चूक’ म्हणून गप्प बसते. कळवल्याबद्दल इथे कुणी रागावत नाही, हे तिने त्या दिवशी इन्चार्ज सिस्टरच्या तोंडून ऐकायला हवं.

दुपारी वॉर्डाची एक फेरी मारायची. क्रॅश कार्ट कुठे आहे, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे बंद होतो, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं, मावशी आणि मामांची नावं काय, एवढं पाहून चार वाजता तिला घरी पाठवावं. पहिल्या दिवशी याहून जास्त डोक्यात राहत नाही.

मंगळवारी ती आठच्या आधी वॉर्डात येते आणि एका ठरलेल्या सीनियर सिस्टरसोबत ओव्हर घेते. इथे दोन अटी आहेत आणि त्या मोडल्या की सगळा आठवडा कागदावरच राहतो. पहिली अट, तीन दिवस सीनियर एकच असावी. तिचा वीकली ऑफ बुधवारी येत नाही ना, हे ड्युटी लिस्ट लावतानाच पाहावं लागतं. दुसरी अट, त्या सीनियरकडे सहा रुग्ण असतील तर चारच द्यावेत आणि नव्या सिस्टरला ड्युटी लिस्टच्या संख्येत धरू नये. शिकवायला वेळ लागतो. तो दिला नाही तर सीनियर भराभर काम उरकते, नवी मागे उभी राहते आणि दुपारी दोघी दमलेल्या असतात, शिकणं मात्र झालेलं नसतं.

नुसतं ‘बघ’ म्हटलं की नजर भरकटते, म्हणून मंगळवारी पाहायचं काय ते आधी सांगावं. ‘आज औषध देण्याआधी मी काय काय तपासते तेवढंच बघ’ एवढं पुरे. मग तिच्या लक्षात येतं की सीनियर ‘पाटीलकाका ना?’ असं विचारत नाही. ती म्हणते, ‘काका, तुमचं पूर्ण नाव सांगा’, आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहते. वॉर्डात पाटील दोन असू शकतात, आणि तापाने गुंगीत असलेला माणूस कुठल्याही नावाला ‘हो’ म्हणतो. हे पुस्तकात असतं, पण ते का करायचं हे दोन पाटलांच्या खाटा शेजारी-शेजारी पाहिल्यावर पक्कं बसतं.

त्याच दिवशी दुपारी तिला संगणकाचं स्वतःचं लॉगिन मिळायला हवं. ते अडकलं की ती दुसरीच्या लॉगिनवर नोंदी करते आणि औषध कुणी दिलं हे नोंदीवरून कळेनासं होतं. ‘आयटीवाले उद्या देतील’ हे उत्तर मंगळवारी चालवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बुधवारची सकाळ औषधांच्या सुरक्षिततेच्या सत्राची, आणि ते मुद्दाम दुपारच्या जेवणाआधी ठेवायचं, कारण साडेबाराच्या सुमारास साखर तपासून इन्सुलिन द्यायची वेळ होते. तासाभरापूर्वी शिकलेलं लगेच हाताखाली येतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत एका मिलिलिटरला 40 युनिट असतात, तशाच 100 युनिटवाल्या कुप्याही मिळतात. 40 ची सिरिंज लाल टोपीची, 100 ची नारिंगी टोपीची. ही मुलगी आधी जिथे होती तिथे बहुतेक पेन वापरत असत, म्हणून कुपी आणि सिरिंज जुळवायची वेळ तिच्यावर फारशी आलेलीच नाही. समजा डॉक्टरांनी 10 युनिट लिहिलेत. 100 ची कुपी घेऊन 40 च्या सिरिंजवर 10 च्या रेषेपर्यंत औषध भरलं, तर ते पाव मिलिलिटर होतं, म्हणजे 25 युनिट. अडीचपट डोस, आणि काही वेळात रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. उलट गफलत झाली तर दहाऐवजी चारच युनिट जातात, साखर उतरत नाही आणि डॉक्टर नसलेल्या कारणासाठी डोस वाढवत राहतात. म्हणून कुपी आणि सिरिंज दोघींनी मिळून मोठ्याने वाचायची आणि मगच टोचायचं. जुन्या अनुभवाचा धोका असा असतो. अनुभवी माणसाला ‘तुला येतंच’ म्हणून सूट मिळते आणि नेमकं तिथेच फरक निसटतो.

गुरुवारी भूमिका बदलतात. दोन रुग्ण नवीकडे, सीनियर शेजारी उभी. चार्ल्स अ‍ॅलन यांनी 1919 च्या पुस्तकात शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: मनाची तयारी करणं, दाखवणं, करून घेणं आणि तपासणं. जहाजबांधणीच्या कामगारांसाठी लिहिलेली ही मांडणी वॉर्डात जशीच्या तशी लागू पडते, आणि आपल्याकडे तिसऱ्या पायरीला वेळ दिला जात नाही. इथे सीनियरने हात मागे बांधून थांबणं अवघड असतं, कारण नवीला वेळ लागतो. रुग्णाला धोका असेल तरच मधे बोलावं, बाकीचं शिफ्ट संपल्यावरच्या वीस मिनिटांत. त्या वीस मिनिटांत ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘आज कुठे अडलीस?’ किंवा ‘खाट चारच्या सलाईनचा वेग तू कसा ठरवलास?’ असं विचारलं की खरं काय ते बाहेर येतं. दोन दिवस एकही प्रश्न विचारला नाही तर समजावं की ती घाबरलेली आहे. सगळं येतंय असा त्याचा अर्थ काढू नये.

उरलेली कार्यालयीन कामं गुरुवारी दुपारी, डोकं थकलेलं असताना हलकी म्हणून. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं वारस नामनिर्देशन, रजेचे नियम, पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीची नोंद आणि त्यात कुटुंबीयांची नावं. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर लागत नाही, म्हणून पगारपत्रकात तो कापलेला दिसला तर विचारावं, हेही सांगावं. लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती या दिवशी तिला भेटावी. कायद्याचा उतारा वाचून दाखवण्यापेक्षा समितीतली दोन माणसं समोर दिसणं महत्त्वाचं, कारण त्रास बहुधा रुग्णाच्या नातेवाइकांकडून किंवा वरिष्ठांकडून होतो आणि तेव्हा दार कुणाचं ठोठवायचं हे चेहऱ्याने माहीत हवं.

शुक्रवारी संध्याकाळची पाळी द्यावी. लॅब, रक्तपेढी आणि औषधांचं दुकान दुपारी एकदा फिरून पाहायचं, मग दोनला ओव्हर. संध्याकाळी डॉक्टर कमी, नातेवाईक जास्त, आणि मदतीला हाक मारायची तर कुणाला, हे वेगळं असतं. सकाळचीच शिफ्ट पाहिलेली मुलगी पुढच्या आठवड्यात संध्याकाळी एकटी पडली की गोंधळते. याच दिवशी कोड ब्लूचा सराव बाहुलीवर घ्यावा.

शनिवारी लेखी परीक्षा नको, करून दाखवायचं. हात धुणं, औषधाची ओळख पटवणं, इन्सुलिन, ओव्हर देणं, आणि सोमवारी शिकवलेलं सुई टोचल्यावर काय, तेही. मग इन्चार्ज सिस्टर एका तक्त्यात तीन रकाने भरते: एकटी करते, सोबत कुणी हवं, अजून पाहिलेलंच नाही. तिसरा रकाना रिकामा दिसला तर तक्ता मनाने भरला आहे असं खुशाल समजावं. एका आठवड्यात वॉर्डात सगळं घडत नाही. या आठवड्यात कुणालाही रक्त चढवावं लागलं नसेल, तर ते तिसऱ्या रकान्यातच जातं, आणि पुढची रक्ताची पिशवी वॉर्डात येईल तेव्हा तिला बोलवायचं, अशी नोंद ओव्हरच्या वहीत होते. दुसऱ्या आठवड्याची ड्युटी लिस्ट या तक्त्यावरून लागते, आणि दुसऱ्या रकान्यातली कामं पहिल्यात येईपर्यंत रात्रीच्या पाळीत तिला एकटीला लावत नाहीत.