विमानात हरवलेला मंगळवार

सॅन फ्रान्सिस्कोहून उन्हाळ्यात सोमवारी रात्री ९ ला दिल्लीचं विमान सुटतं, तेव्हा भारतात मंगळवारचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. सोळा तासांनी उतरता तेव्हा बुधवार लागलेला असतो. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या घरी पोहोचून ड्युओलिंगो उघडावं, तर स्ट्रीक शून्यावर!

ॲप दिवस मोजतं ते फोनच्या टाइम झोनवरून, त्यामुळे मंगळवार कोराच दिसतो. यावर खात्रीचा उपाय एकच, निघण्यापूर्वी ‘स्ट्रीक फ्रीझ’ घेऊन ठेवणं. विमानात ऑफलाइन धडा केला असेल, तर लॉगआउट करू नका आणि ॲपही काढू नका. न पोहोचलेली नोंद त्यासोबत पुसली जाऊ शकते. आधी वायफायवर ॲप उघडून थांबा. तरीही शून्यच दिसलं, तर प्रवासाची तारीख देऊन ॲपच्या मदत विभागाला कळवा. स्ट्रीक परत मिळेलच असं मात्र नाही.