दहाचे वीस

कोपऱ्यावरच्या चांभारकाकांची ही गोष्ट. चपलेचा तुटलेला अंगठा शिवायचे ते वर्षानुवर्षे दहा रुपयेच घेत. काम दहा मिनिटांचं. जुना टाका रापीने कापायचा, आरीने भोक पाडून मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओढायचा, मग सोल्युशन लावून ते जरा सुकलं की हातोडीने ठोकायचं. घाई केली तर जोड दोन दिवसांत सुटतो.

दर तोच राहिला, पण दोरा आणि सोल्युशन महागलं. एका अंगठ्यामागे आता तीन रुपयांचा माल जाऊ लागला. दिवसाला पंचवीस कामं धरली तर अडीचशेतले पंचाहत्तर मालालाच जायचे, हाती उरायचे १७५.

मुलीने वहीत हिशोब मांडला. "बाबा, वीस घ्या. दहा गिऱ्हाइकं तुटली तरी तीनशे येतील, माल पंचेचाळीसचा. उरतील २५५."

काकांनी पाटी बदलली, पण रबरी स्लिपरचा पट्टा दहालाच ठेवला. ते बरोबरच होतं. स्लिपर मुळात स्वस्त. दुरुस्ती महागली की माणूस नवी घेतो. चामडी चपलेचं तसं नसतं.

पहिल्या दिवशी नेहमीच्या आजी कुरकुरल्या, "एकदम दुप्पट?"

"आजी, इतकी वर्षं वाढवलाच नव्हता."

आजींनी वीसची नोट दिली. आठवड्याअखेर रोजची कामं वीसवर स्थिरावली होती, म्हणजे हाती ३४० रुपये. काकांनी दर वाढवायला फार उशीर केला, हे खरं.