भिंत दगडाची, पण 'ची' गेली कुठे?

'दगडाची भिंत' म्हणताना मराठी माणूस आधी 'दगड'चा 'दगडा' करतो आणि मग त्याला 'ची' जोडतो. इंग्रजी यातले काहीच करत नाही. 'स्टोन' आणि 'वॉल' ही दोन नामे शेजारी ठेवली, की झाले. त्या 'ची'ची सवय असल्यामुळे शिकणारा 'स्टोन्स वॉल' म्हणून जातो. अपॉस्ट्रॉफी एस मात्र बहुधा माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी येतो, जसे 'माय सिस्टर्स रूम'.

तरीही ही रीत मराठीला परकी नाही. पुरण घालून केलेली पोळी ती पुरणपोळी. मधले शब्द गाळणाऱ्या या समासाला शाळेत मध्यमपदलोपी म्हणतात. गाळलेले शब्द ऐकणारा मनात भरून घेतो. 'स्टोन वॉल' म्हणजे दगडाने बांधलेली भिंत, 'रेल्वे स्टेशन' म्हणजे रेल्वेगाड्या थांबतात ते ठिकाण. नाते दोन्हीकडे वेगळे आहे, रचना मात्र एकच.

मुख्य वस्तू नेहमी शेवटी असते. 'रेल्वे स्टेशन तिकीट ऑफिस' ऐकून गोंधळ झाला, तर उलटीकडून वाचावे: ऑफिस, कसले? तिकिटांचे. कुठले? स्टेशनचे. कसले स्टेशन? रेल्वेचे. अनेकवचनही शेवटच्या शब्दालाच लागते, म्हणून 'रेल्वे स्टेशन्स', 'स्टोन वॉल्स'. आधीचे नाम सहसा एकवचनीच राहते. दुकानात शेकडो जोड असले तरी ते 'शू शॉप'च, आणि दहा रुपयांची नोट 'टेन-रुपी नोट'. 'कांदेपोहे' म्हणणाऱ्याला हे खटकते, कारण तिथे मराठीने 'कांदे' हे अनेकवचन ठेवले आहे. इंग्रजीतही 'स्पोर्ट्स कार', 'क्लोद्झ शॉप' असे अपवाद आहेत. ते पाठच करावे लागतात.

खरी गंमत उच्चारात आहे आणि पाठ्यपुस्तके नेमकी तीच घाईत उरकतात. 'रेल्वे स्टेशन' म्हणताना जोर 'रेल्वे'वर पडतो, 'स्टोन वॉल'मध्ये 'वॉल'वर. पहिले नाम वस्तू कशाची बनली हे सांगत असेल, तर जोर बहुधा दुसऱ्यावर जातो: 'कॉटन शर्ट', 'पेपर बॅग'. वस्तू कशासाठी आहे हे सांगत असेल, तर जोर पहिल्यावर राहतो: 'पेपर क्लिप', 'बुकशॉप'. 'इंग्लिश टीचर'मध्ये 'इंग्लिश'वर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारी व्यक्ती, 'टीचर'वर दिला तर इंग्लंडची शिक्षिका. नियम पक्का नाही: 'ॲपल पाय'मध्ये जोर 'पाय'वर, तर 'ऑरेंज ज्यूस'मध्ये तो 'ऑरेंज'वर.

मराठी बोलणाऱ्याचा पाय आणखी एका जागी घसरतो. आपला 'चहाचा कप' भरलेलाही असतो आणि रिकामाही. इंग्रजीत 'टीकप' हे भांडे झाले; त्यात चहा असेल किंवा नसेल. प्यायचा असेल तर 'अ कप ऑफ टी' मागावा लागतो. 'वाइन ग्लास' आणि 'अ ग्लास ऑफ वाइन' यांतही हाच फरक आहे.